अर्धा प्रवाह, किती उष्णता?

रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांच्या टेबलावर एक साधी करामत हमखास दिसायची. सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवायच्या स्टँडला एक बटण असे आणि त्या बटणाच्या दोन टोकांमध्ये एक चिमुकला डायोड जोडलेला असे. आयर्न हातात घेतलं की बटण जुळायचं आणि आयर्नला पूर्ण वीज मिळायची. परत स्टँडवर ठेवलं की बटण सुटायचं आणि वीज फक्त डायोडमधून वाट काढायची. त्यामुळे आयर्न गरम राहायचं, पण त्याचं टोक जळून काळं पडत नसे. पुन्हा उचललं की थोड्याच वेळात काम सुरू. ‘अर्ध्यावर ठेवलंय’ असं कारागीर म्हणत.

लहानपणी मला हे ‘अर्ध्यावर’ फार पटायचं. बारावीनंतर मात्र ते पटेनासं झालं. कारण तोवर मी शिकलो होतो की उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात नसते, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मग प्रवाह अर्धा झाला तर उष्णता पाव व्हायला नको का? पुढे कॉलेजात शिकवायला लागल्यावर मी हाच प्रश्न मुलांना विचारत आलो, आणि दरवर्षी मला त्याची तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. तिन्ही उत्तरं देणारी मुलं हुशार असतात. हा लेख त्या तीन उत्तरांचा आहे.

आयर्नऐवजी मोठा हिटर घेऊ, म्हणजे आकडे हाताळायला सोपे जातील. पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड अनेक घरांत असतो. आपल्याकडे वीज येते २३० व्होल्टची. १००० ला २३० ने भागलं की रॉडमधला प्रवाह मिळतो: ४.३५ अँपिअर. रॉडच्या तारेचा रोध येतो ५२.९ ओहम. बादलीत १० लिटर पाणी आहे आणि ते २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात, म्हणजे एकूण ८ लाख ३७ हजार ज्यूल. १००० वॅट म्हणजे सेकंदाला १००० ज्यूल, तेव्हा साधारण १४ मिनिटांत पाणी आंघोळीजोगं होईल. बादलीतून हवेत निसटणारी उष्णता आपण सोडून देऊ.

आता रॉडच्या वायरमध्ये एकसर एक डायोड घाला. (कागदावर. घरच्या रॉडवर हा प्रयोग कोणीही करू नये. पाणी आणि उघडे जोड यांची सांगड जीवघेणी असते.) डायोड हा एकाच बाजूने उघडणारा दरवाजा आहे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावते. एका हेलकाव्याला २० मिलिसेकंद लागतात. त्यातले १० मिलिसेकंद प्रवाह एका दिशेने वाहतो आणि पुढचे १० मिलिसेकंद उलट दिशेने. डायोड यातला पहिला अर्धा भाग जाऊ देतो आणि दुसरा अडवतो. आलेख काढला तर एक डोंगर, मग सपाट जमीन, पुन्हा डोंगर, पुन्हा सपाट जमीन. यालाच अर्धतरंग एकदिश प्रवाह म्हणतात.

आता पाणी तापायला किती वेळ लागेल?

पहिला गट म्हणतो, २८ मिनिटं. अर्धा वेळ रॉड चालू आणि अर्धा वेळ बंद, म्हणून वेळ दुप्पट. दुसरा गट म्हणतो, ५६ मिनिटं. प्रवाह अर्धा झाला, उष्णता वर्गाप्रमाणे, म्हणून पाव शक्ती आणि चौपट वेळ. तिसऱ्या गटाने पुस्तक नीट वाचलेलं असतं. अर्धतरंग प्रवाहाची सरासरी शिखरमूल्य भागिले पाय असते हे सूत्र त्यांना पाठ असतं. प्रवाहाचं शिखर ६.१५ अँपिअर, त्याला ३.१४ ने भागून सरासरी १.९६ अँपिअर. त्याचा वर्ग करून ५२.९ ने गुणलं की येतात २०३ वॅट. म्हणजे पाणी तापायला ६९ मिनिटं, एक तासाहून जास्त.

बरोबर आहेत २८ मिनिटं. ज्यांनी एकही सूत्र वापरलं नाही त्यांचं उत्तर बरोबर आलं.

ते का बरोबर आहे हे नीट बघण्यासारखं आहे. रॉडच्या तारेला प्रवाहाची दिशा कळत नाही. इलेक्ट्रॉन डावीकडून उजवीकडे गेले काय किंवा उजवीकडून डावीकडे आले काय, अणूंच्या जाळीला धक्के तेवढेच बसतात. म्हणून पूर्ण वीज चालू असताना प्रत्येक १० मिलिसेकंदांच्या डोंगराने सारखीच उष्णता दिली होती: सेकंदाला १००० ज्यूल या हिशोबाने १० ज्यूल. डायोड आल्यावर जे डोंगर उरले ते जसेच्या तसे आहेत. त्यांची उंची कमी झाली नाही, रुंदी कमी झाली नाही. फक्त एकाआड एक डोंगर नाहीसा झाला. उरलेला प्रत्येक डोंगर अजूनही १० ज्यूलच देतो. सेकंदाला १०० डोंगर होते, आता ५० आहेत. म्हणून शक्ती ५०० वॅट.

दुसऱ्या गटाची चूक इथेच उघडी पडते. प्रवाह ‘अर्धा झाला’ असं ते म्हणतात, पण तो सतत अर्धा राहिलेला नाही. अर्धा वेळ तो पूर्ण आहे आणि अर्धा वेळ शून्य. या दोन गोष्टी उष्णतेच्या दृष्टीने एक नाहीत. बॅटरीचं उदाहरण घ्या. एका तारेतून सतत ३ अँपिअर वाहत आहेत. दुसऱ्या तारेतून एक सेकंद ६ अँपिअर, पुढचा सेकंद शून्य, असं चाललं आहे. दोन्हींची सरासरी ३ अँपिअर. पहिल्या तारेत वर्ग ९, आणि तो सतत. दुसऱ्या तारेत वर्ग ३६, पण अर्धाच वेळ, म्हणून सरासरी १८. सरासरी प्रवाह सारखा असून दुसरी तार पहिलीच्या दुप्पट तापते. प्रवाह जितका तुटक आणि उंचसखल, तितकी तीच सरासरी जास्त उष्णता देते. वर्ग करताना मोठे आकडे फार मोठे होतात, ती भर लहान आकड्यांच्या लहान होण्याने निघत नाही.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याने प्रयोगाने दाखवलं आणि १८४१ साली छापलं. तारेचं वेटोळं पाण्यात बुडवायचं, प्रवाह सोडायचा आणि पाणी किती तापलं ते थर्मामीटरवर बघायचं, अशी त्याची रीत होती. आपली बादली आणि रॉड म्हणजे तोच प्रयोग मोठ्या भांड्यात. वर्ग का, याचं उत्तरही अवघड नाही. त्याच तारेतून दुप्पट प्रवाह हवा असेल तर दोन टोकांमधलं व्होल्टेज दुप्पट करावं लागतं. मग सेकंदाला दुप्पट विद्युतभार जातो, आणि प्रत्येक भार जाताना दुप्पट ऊर्जा टाकतो. दोन दुणे चार.

आता आरएमएस मूल्याकडे वळू. मराठी पुस्तकांत त्याला वर्गमाध्यमूळ म्हणतात, आणि मला हा शब्द इंग्रजीपेक्षा सरस वाटतो, कारण कृतीच त्याच्या नावात आहे आणि तीही करायच्या क्रमाने. आधी प्रत्येक क्षणीच्या प्रवाहाचा वर्ग करा, मग त्या वर्गांचा माध्य म्हणजे सरासरी काढा, शेवटी वर्गमूळ घ्या. जो आकडा येतो, तेवढा स्थिर प्रवाह त्याच रोधातून सोडला असता तर तेवढीच उष्णता मिळाली असती. याहून जास्त अर्थ त्याला नाही आणि कमीही नाही. घरातलं २३० व्होल्ट हेसुद्धा वर्गमाध्यमूळच आहे. प्रत्यक्षात ते व्होल्टेज प्रत्येक हेलकाव्यात ३२५ पर्यंत चढतं.

कॅलक्युलस न येणाऱ्यांनाही ही कृती करून पाहता येते. एका हेलकाव्याचे १२ सारखे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध प्रवाह किती आहे ते साइनच्या कोष्टकातून काढा. डोंगराच्या वाट्याला सहा तुकडे येतात: १.५९, ४.३५, ५.९४, मग उतरताना ५.९४, ४.३५, १.५९ अँपिअर. उरलेले सहा तुकडे शून्य. बेरीज २३.७६, भागिले १२, म्हणजे १.९८. खरी सरासरी १.९६ आहे, तेव्हा बारा तुकड्यांतच आपण अगदी जवळ पोचलो. आता त्याच आकड्यांचे वर्ग करा: २.५, १८.९, ३५.३ आणि पुन्हा उलट क्रमाने तेच. बेरीज सुमारे ११३.४, भागिले १२, म्हणजे ९.४५. वर्गमूळ ३.०७ अँपिअर. आणि ३.०७ हा ६.१५ या शिखराच्या बरोबर निम्मा आहे.

वर्गांच्या बाबतीत उत्तर असं तंतोतंत येण्यामागे एक छान कारण आहे. साइनचा वर्ग आणि कोसाइनचा वर्ग यांची बेरीज नेहमी एक असते. कोसाइन म्हणजे थोडी पुढे सरकलेली साइनच, त्यामुळे दोघांच्या वर्गांची सरासरी सारखी असणार. दोघांची मिळून एक, म्हणून प्रत्येकाची अर्धी. डोंगराच्या काळात वर्गाची सरासरी अर्धी आणि निम्मा काळ शून्य, म्हणून पूर्ण हेलकाव्यावर पाव. पावचं वर्गमूळ निम्मं. यात पाय कुठेच येत नाही. साध्या सरासरीत तो येतो, कारण तिथे डोंगराखालचं क्षेत्रफळ मोजायचं असतं.

आता ३.०७ चा वर्ग करून ५२.९ ने गुणा. ५०० वॅट. कारागिराचं ‘अर्ध्यावर’ आणि पुस्तकाचं सूत्र इथे एकमेकांना भेटतात. तिसऱ्या गटाचे २०३ वॅट खऱ्या उष्णतेच्या जेमतेम ४० टक्के होते. त्यांनी सरासरी बरोबर काढली होती, पण आधी सरासरी घेतली आणि नंतर वर्ग केला. क्रम उलटा झाला की उत्तर अडीच पटीने चुकतं.

मग सरासरीचा आकडा निरुपयोगी आहे का? मुळीच नाही, आणि परीक्षेच्या अभ्यासात बहुधा हाच भाग सुटतो. हाच प्रवाह रॉडऐवजी चांदीच्या मुलाम्याच्या टाकीतून नेला तर काय होईल? तिथे किती चांदी बसेल हे एकूण किती विद्युतभार पार झाला यावर ठरतं, आणि भार म्हणजे प्रवाह गुणिले वेळ. वर्गाचा संबंध नाही. एक अँपिअर प्रवाह सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी बसवतो. हा आकडा इतका भरवशाचा होता की १९०८ साली लंडनच्या परिषदेत अँपिअरची आंतरराष्ट्रीय व्याख्याच त्यावरून केली गेली. आपला १.९६ अँपिअर सरासरीचा प्रवाह तासाभरात जवळजवळ ८ ग्रॅम चांदी बसवेल. इथे ३.०७ हा आकडा धरला तर हिशोब साफ चुकेल.

आणि डायोड काढून टाकला तर? रॉड पूर्ण १००० वॅट देईल, पण टाकीत चांदी साठणार नाही, कारण एका डोंगराने बसवलेली चांदी पुढचा उलटा डोंगर परत काढून नेईल. पूर्ण प्रवाहाची सरासरी शून्य असते. म्हणजे एकच डायोड घातल्याने उष्णता निम्मी होते आणि त्याच क्षणी, जी चांदी मुळीच साठत नव्हती, ती साठू लागते. ‘प्रवाह किती आहे’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं, हे मला या उदाहरणाइतकं कशानेच पटलं नाही. प्रवाहाकडून कोणतं काम हवं आहे ते आधी सांगावं लागतं.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे दोन्ही आकडे एकाच वायरीवर शेजारी शेजारी लागू पडतात. रॉड ३.०७ च्या हिशोबाने तापतो, पण त्याला जोडलेला डायोड १.९६ च्या हिशोबाने. डायोड हा रोधासारखा वागत नाही. प्रवाह थोडा असो वा जास्त, त्याच्या दोन टोकांमध्ये जवळपास ठरावीक, एक व्होल्टच्या आतबाहेर, घट होते. ही घट स्थिर धरली तर त्यातली उष्णता घट गुणिले सरासरी प्रवाह, म्हणजे आपल्या उदाहरणात दोन वॅटच्या आसपास. म्हणून डायोडच्या माहितीपत्रकात क्षमता लिहिलेली असते ती सरासरी प्रवाहाची. सोल्डरिंग आयर्नसाठी सर्रास वापरला जाणारा 1N4007 सरासरी १ अँपिअरचा आहे. २५ वॅटच्या आयर्नला तो आयुष्यभर पुरतो, १००० वॅटच्या रॉडवर तो पहिल्या काही मिनिटांत जळेल. तिथे 1N5408 सारखा ३ अँपिअरचा लागतो.

‘निम्मी उष्णता’ या उत्तरालाही एक अट आहे. रोध बदलता कामा नये. रॉड, इस्त्री, सोल्डरिंग आयर्न यांत नायक्रोमची तार असते. ती थंड असो वा लालभडक, तिच्या रोधात काही टक्क्यांचाच फरक पडतो, म्हणून हिशोब जुळतो. जुन्या पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार मात्र तशी नाही. डायोड लावला की ती कमी तापते, कमी तापली की तिचा रोध उतरतो, आणि रोध उतरला की प्रवाह वाढतो. परिणामी १०० वॅटचा बल्ब ५० वर न येता ६० च्या थोडा खाली थांबतो, आणि उजेड मात्र एक तृतीयांशाच्या आसपास घसरतो. शिवाय सेकंदाला १०० ऐवजी ५० डोंगर येत असल्याने तो डोळ्यांना जाणवेल इतका लुकलुकतो. आणि जिथे रोध नसून पंख्याची मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर आहे तिथे ही करामत मुळीच चालत नाही. शून्य नसलेली सरासरी लोखंडी गाभ्याला एकाच दिशेने चुंबकीय करत राहते, गाभा तुडुंब भरतो, प्रवाह भरमसाट वाढतो आणि वेटोळं जळतं.

राहिला प्रश्न मोजण्याचा. इथे अनुभवी माणसंही फसतात. रॉडच्या वायरीत एकसर मीटर लावून वाचा. डीसीवर ठेवलेला मीटर सरासरी दाखवतो, १.९६. स्वस्त मीटर एसीवर ठेवला तर तो खरं म्हणजे सरासरीच काढतो आणि तिला १.११ ने गुणून दाखवतो. हा गुणक पूर्ण साइन लाटेसाठी बेतलेला आहे. अर्ध्या लाटेवर असा मीटर २.१७ दाखवेल, आणि आतल्या जोडणीप्रमाणे काही मीटर आणखी वेगळं काही. मग आपण महागडा ट्रू आरएमएस मीटर आणतो, तो एसीवर ठेवतो, आणि तो २.३७ दाखवतो. हाही चूकच, पण याची चूक समजून घेण्याजोगी आहे. असे बरेच मीटर एसीवर असताना प्रवाहातला स्थिर भाग आधी वेगळा काढून टाकतात आणि फक्त उरलेल्या हेलकाव्याचं वर्गमाध्यमूळ काढतात. २.३७ वरून हिशोब केला तर रॉड ३०० वॅटचाही भरत नाही, आणि पाणी मात्र २८ मिनिटांत तापलेलं असतं.

यावर उपाय सोपा आहे. त्याच ट्रू आरएमएस मीटरवर आधी डीसीचा आणि मग एसीचा आकडा वाचा, दोघांचे वर्ग करा, बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. १.९६ चा वर्ग ३.८४, २.३७ चा वर्ग ५.६२, बेरीज ९.४६, वर्गमूळ ३.०७. काही मीटरांवर यासाठी AC+DC अशी वेगळी सोय असते. ती असेल तर तीच वापरा. आणि मीटर विकत घेताना डब्यावर ‘ट्रू आरएमएस’ छापलं आहे एवढ्यावर थांबू नका, तो स्थिर भाग धरून मोजतो की सोडून, हे माहितीपुस्तिकेत बघून घ्या.